गाईडला भेटीची वेळ मागणारा ईमेल: आधी प्रश्न ठरवा, मग मजकूर लिहा

"मॅडम, थिसिसच्या प्रोग्रेसबद्दल बोलायचं होतं. आपल्याला कधी वेळ मिळेल?"

पीएचडीच्या विद्यार्थ्यांकडून मला येणाऱ्या ईमेलमध्ये सगळ्यात जास्त वेळा येणारा ईमेल हाच. त्यात उद्धट काही नाही, चुकीचंही काही नाही, तरी बहुतेकदा त्याला उत्तर जात नाही. उत्तर द्यायचं तर आधी मला बरंच शोधावं लागतं. हा विद्यार्थी सध्या कोणत्या प्रकरणावर आहे? भेट दहा मिनिटांची की दीड तासाची? आधी काही वाचून ठेवायचं आहे का? तो गावाहून येणार की इथेच आहे? एवढं शोधायला त्या क्षणी वेळ नसतो, म्हणून "संध्याकाळी बघू" म्हणून ईमेल बाजूला राहतो आणि संध्याकाळपर्यंत त्याच्यावर आणखी वीस ईमेल येऊन बसतात. विद्यार्थ्याला मात्र वाटतं की गाईड नाराज आहेत.

युजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाकडे एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ पीएचडीचे विद्यार्थी असू शकतात. त्याशिवाय एमएचे तास, परीक्षेच्या काळात पेपर तपासणी, दुसऱ्या विद्यापीठातले व्हायवा आणि नॅकची कागदपत्रं असतातच. अशा माणसाला तुमचा ईमेल वाचून एका ओळीत "गुरुवारी ३ वाजता या" असं लिहिता आलं पाहिजे. खालचे सगळे टप्पे तेवढ्यासाठीच आहेत.

समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू. एक विद्यार्थिनी बीडला राहते, तिथे शिकवते आणि तिच्या गाईड छत्रपती संभाजीनगरला आहेत. विषय आहे ऊसतोड कामगारांच्या मुलांची शाळेतली उपस्थिती. तीन तालुक्यांतल्या २४० कुटुंबांच्या मुलाखती घ्यायच्या होत्या, त्यातल्या १८० झाल्या. तिसऱ्या तालुक्यातली ६० कुटुंबं राहिली आणि दिवाळीनंतर टोळ्या कारखान्यांवर निघून गेल्या. आता नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा आहे. तिला गाईडची भेट हवी आहे.

## टप्पा १: भेटीतून काय हवं ते एका वाक्यात लिहा

ईमेलची खिडकी अजून उघडू नका. वहीत एक वाक्य लिहा: "या भेटीनंतर मला अमुक ठरलेलं हवं आहे." "प्रोग्रेसवर चर्चा" हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही, कारण चर्चा झाली की नाही हे कोणालाच सांगता येत नाही.

आपल्या विद्यार्थिनीने पहिल्यांदा लिहिलं, "डेटा कलेक्शनमधल्या अडचणींवर मार्गदर्शन हवं." मग स्वतःलाच विचारलं की नेमकी अडचण कोणती. साठ कुटुंबं आता गावात नाहीत. मग पर्याय कोणते? एक तर मार्च-एप्रिलमध्ये ती परत येईपर्यंत थांबायचं. नाहीतर कारखान्याच्या परिसरात, त्यांच्या कोप्यांवर, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांवर जाऊन मुलाखती घ्यायच्या. पहिल्यात चार-पाच महिने जातात. दुसऱ्यात धोका वेगळा आहे: आधीच्या १८० मुलाखती घरी, निवांत झाल्या होत्या, इथे दिवसभराच्या तोडीनंतर थकलेल्या आईबापांशी बोलावं लागणार आणि आजूबाजूला मुकादम असणार. मुलाच्या शाळेबद्दल ते तेवढ्याच मोकळेपणाने बोलतील का, हा खरा प्रश्न आहे.

आता वाक्य असं झालं: "उरलेल्या ६० मुलाखती कोप्यांवर जाऊन घ्यायच्या की कुटुंबं परत येईपर्यंत थांबायचं, हे ठरलेलं हवं आहे." हे वाक्य वाचताच गाईडच्या डोक्यात विचार सुरू होतो. भेटीआधीच निम्मं काम होतं.

तुमच्याकडे असे चार प्रश्न असतील तर त्यातला एक मुख्य ठरवा, फार तर दुसरा जोडीला ठेवा. बाकीचे भेटीत वेळ उरला तर विचारता येतात. ईमेलमध्ये सात प्रश्नांची यादी दिसली की गाईडला वाटतं, याला दोन तास लागणार, आणि दोन तास पुढच्या महिन्यातही सापडत नाहीत.

तपासा: तुमचं वाक्य गाईडच्या दुसऱ्या एखाद्या विद्यार्थ्यालाही जसंच्या तसं लागू पडतंय का? पडत असेल तर ते अजून नेमकं झालेलं नाही.

## टप्पा २: मागच्या भेटीत काय ठरलं होतं ते काढा

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. गाईडच्या डोक्यात तुमची शेवटची आठवण मागच्या भेटीची असते. तेव्हा त्यांनी तुम्हाला तीन कामं सांगितली असतील आणि तुमच्या ईमेलमध्ये त्यांचा उल्लेखच नसेल, तर पहिला विचार येतो की सांगितलेलं केलंच नाही. मग तुम्ही नवं काय केलंय याकडे लक्ष जात नाही.

म्हणून जुनी वही, जुने ईमेल, प्रकरणाच्या मसुद्यावर त्यांनी पेनाने केलेल्या खुणा, हे सगळं काढा. प्रत्येक सूचनेसमोर लिहा: झालं, अर्धं झालं, झालं नाही. आपल्या विद्यार्थिनीला ऑगस्टच्या भेटीत दोन गोष्टी सांगितल्या होत्या. प्रश्नावलीतला उत्पन्नाचा प्रश्न बदलून "उचल किती घेतली" असा विचारायचा, आणि प्रकरण ३ मध्ये नमुना निवडीचा भाग पुन्हा लिहायचा. पहिली गोष्ट झाली होती. दुसरीची चार पानं लिहून झाली होती, पण तिसऱ्या तालुक्याचा भाग अर्थातच रिकामा होता.

न झालेलं लपवू नका. ईमेलमध्ये एका वाक्यात सांगून टाका. भेटीत गाईडना ते स्वतः सापडलं तर उरलेला सगळा वेळ त्यावरच जातो.

## टप्पा ३: तीन वेळा निवडा, त्यांच्या वेळापत्रकाकडे बघून

"आपल्या सोयीनुसार कधीही" हे विनयाचं वाक्य वाटतं, पण दिवस शोधण्याचं काम ते समोरच्यावर टाकतं. उलट "बुधवारी ११ ला येते" असं एकच सांगितलं तर तो हुकूम होतो. तीन पर्याय दिले की निवड त्यांची राहते आणि शोधण्याचे कष्ट तुमचे.

पर्याय मनाने ठरवू नका. विभागाच्या नोटीस बोर्डावर टाइमटेबल लावलेलं असतं, त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा. विभागाच्या ऑफिसमध्ये क्लार्कना किंवा शिपाईमामांना विचारलं तर कळतं की मॅडम या आठवड्यात पेपर तपासणीच्या कॅपला जाणार आहेत की नाहीत, नॅकची बैठक कधी आहे. गाईडकडचा तुमच्या बरोबरीचा एखादा विद्यार्थी तिथेच राहत असेल तर त्याला विचारणं सगळ्यात सोपं. मग कॅलेंडर बघा. सुट्टीचा दिवस, स्थानिक सुट्टी, परीक्षेच्या पहिल्या दिवसाची सकाळ, हे टाळा.

तुम्ही बाहेरगावहून येत असाल तर एसटीचा हिशेब करून वेळ द्या. बीडहून सकाळी निघून दहा वाजता पोहोचेन असं लिहायचं आणि प्रत्यक्षात साडेअकराला धापा टाकत यायचं, हे एकदा झालं तरी पुढच्या भेटीच्या वेळी आठवतं. सुरुवातच १२ नंतर ठेवा.

पहिला पर्याय ईमेलच्या दिवसापासून किमान सात-आठ दिवस पुढचा असावा. आपली विद्यार्थिनी सोमवारी, २४ नोव्हेंबर २०२५ ला ईमेल करते आहे. तिने निवडलं: मंगळवार २ डिसेंबर दुपारी १२ ते २, गुरुवार ४ डिसेंबर दुपारी ३ नंतर, शुक्रवार ५ डिसेंबर दुपारी १२ ते २.

भेटीला किती वेळ लागेल तेही ठरवा. एका निर्णयासाठी २०-२५ मिनिटं पुरतात. दहा मिनिटं मागून पाऊण तास बसू नका आणि भीतीपोटी "फक्त दोन मिनिटं" असं लिहू नका. दोन मिनिटांत थिसिसचं काही होत नाही हे गाईडना माहीत असतं, म्हणून तो आकडा खोटाच वाचला जातो.

सावधान: दिलेल्या तिन्ही वेळा उत्तर येईपर्यंत स्वतःसाठी राखून ठेवा. गाईडने त्यातली एक निवडली आणि तुम्ही "सॉरी मॅडम, त्या दिवशी जमणार नाही" लिहिलं, तर सगळी मेहनत पाण्यात.

## टप्पा ४: सोबत एकच कागद जोडा

पूर्ण प्रकरण जोडायचा मोह होतो. ८० पानांची फाइल पाठवली की आपण खूप काम केलं असं दिसेल, असं वाटतं. वाचणाऱ्याला मात्र ती फाइल म्हणजे भेटीआधीचं एक ओझं होतं. "वाचून झालं की बोलवते" असं ठरतं, आणि वाचून होत नाही.

भेट मागताना एक पान पुरे. त्यात चार गोष्टी असाव्यात: मागच्या भेटीत ठरलेलं आणि त्याची स्थिती, आजवरचं काम आकड्यांत, अडलेला प्रश्न आणि त्याचे पर्याय, आणि तुमचा स्वतःचा कल. हा चौथा मुद्दा फार मोलाचा आहे. "मी काय करू?" असं विचारणाऱ्यापेक्षा "मला अमुक योग्य वाटतंय, कारण अमुक, आपलं मत हवं" असं म्हणणाऱ्याला गाईड लवकर आणि मनापासून उत्तर देतात.

आपल्या विद्यार्थिनीचा कल असा होता: साठपैकी पंधरा कुटुंबांच्या मुलाखती आता कोप्यांवर घ्यायच्या, आणि त्याच पंधरा कुटुंबांना ती परत आल्यावर घरी पुन्हा भेटायचं. दोन्ही ठिकाणच्या उत्तरांत फरक पडतो का हे त्यातून कळेल. उरलेली ४५ कुटुंबं मात्र परतल्यावरच. हे बरोबर की चूक ते गाईड ठरवतील, पण बोलायला हातात काहीतरी धरून ती जाते आहे.

हा कागद पीडीएफमध्येच पाठवा. मराठीत लिहिणाऱ्यांनी इथे विशेष काळजी घ्यावी. पुष्कळ जण अजून श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करतात. ती वर्ड फाइल गाईडच्या फोनवर उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रांग दिसते. मजकूर युनिकोडमध्ये लिहा, पीडीएफ करा आणि आधी स्वतःच्या फोनवर उघडून बघा.

ड्राइव्हची लिंक देत असाल तर त्या फाइलची परवानगी `Anyone with the link` अशी केली आहे का ते पाहा, आणि दुसऱ्या अकाउंटवरून उघडून खात्री करा. मुलाखत दिलेल्यांची नावं-गावं असलेली फाइल मात्र अशी उघडी ठेवू नका. या एका पानात तशी नावं नकोतच. गाईडने लिंक उघडली आणि परवानगी मागणारं पान आलं, तर त्या परत प्रयत्न करतीलच असं नाही.

फाइलचं नाव असं ठेवा की सहा महिन्यांनी शोधलं तरी सापडेल:

```
Adnav_Pragati_2025-11-24.pdf
```

सुरुवातीला तुमचं आडनाव, मग काय आहे ते, मग तारीख. `final_new_2.pdf` अशा नावाच्या फाइली गाईडकडे आधीच डझनभर असतात.

## टप्पा ५: विषयाची ओळ

फोनवर विषयाचे पहिले चार-सहा शब्दच दिसतात. "आदरणीय मॅडम यांना सादर विनंती की" इतक्यातच जागा संपते. म्हणून मागणी आधी, तपशील नंतर:

> २५ मिनिटांची भेट हवी (२, ४ किंवा ५ डिसें.): उरलेल्या ६० मुलाखतींबाबत

ईमेल न उघडताही एवढं कळलं की काम झालं. "अर्जंट" हा शब्द टाकू नका. घाई खरी असेल तर तिचं कारण मजकुरात तारखेसह सांगा.

आणखी एक चूक फार दिसते. विद्यार्थी जुना, भलत्याच विषयाचा ईमेल उघडतो आणि त्यालाच उत्तर म्हणून नवी विनंती पाठवतो. मग "फी पावती" या विषयाखाली भेटीची मागणी दडून बसते. नव्या कामाला नवा ईमेल करा. मात्र याच भेटीबद्दलचं पुढचं सगळं बोलणं त्याच साखळीत ठेवा.

## टप्पा ६: मजकूर

भाषा कोणती? तुम्ही गाईडशी मराठीत बोलता तर ईमेलही मराठीत लिहा. इंग्रजीतून लिहिण्याची विभागाची पद्धत असेल तर इंग्रजीत. मराठी वाक्यं इंग्रजी अक्षरांत लिहिणं टाळा, वाचायला फार वेळ लागतो.

आधी बघा, बहुतेक जण कसं लिहितात:

> आदरणीय मॅडम,
> सादर प्रणाम. आपण कशा आहात? आपण खूप बिझी असता याची मला पूर्ण कल्पना आहे, तरीही आपला अमूल्य वेळ घेत आहे त्याबद्दल क्षमस्व. मॅडम, दिवाळीत घरी आजारपण होतं, नंतर शाळेत परीक्षा ड्युटी लागली, त्यामुळे काम थोडं मागे पडलं. पण आता मी जोमाने सुरू करणार आहे. थिसिसच्या प्रोग्रेसबद्दल आपलं मार्गदर्शन मिळालं तर खूप उपकार होतील. आपल्याला कधी वेळ मिळेल ते कृपया कळवावे.

भावना खऱ्या आहेत, त्याबद्दल शंका नाही. पण सहा ओळी वाचून गाईडच्या हाती काय लागलं? काम मागे पडलं एवढंच. किती मागे, कुठे अडलं, कधी भेटायचं, काहीच नाही. तीनदा मान वाकवून शेवटी काम त्यांच्यावरच सोपवलं.

आता वहीतलं सगळं जागेवर ठेवून लिहिलेला ईमेल:

> आदरणीय मॅडम,
>
> सादर नमस्कार.
>
> उरलेल्या ६० मुलाखतींचा निर्णय घेण्यासाठी आपली २५ मिनिटांची भेट हवी आहे. पुढीलपैकी कोणतीही वेळ चालेल:
>
> १. मंगळवार, २ डिसेंबर, दुपारी १२ ते २ च्या दरम्यान
> २. गुरुवार, ४ डिसेंबर, दुपारी ३ नंतर
> ३. शुक्रवार, ५ डिसेंबर, दुपारी १२ ते २ च्या दरम्यान
>
> २४० पैकी १८० मुलाखती पूर्ण झाल्या आहेत. तिसऱ्या तालुक्यातली ६० कुटुंबं ऊसतोडीला गेली आहेत. कोप्यांवर जाऊन मुलाखती घ्यायच्या की ती परत येईपर्यंत थांबायचं, हा प्रश्न आहे. माझा कल १५ कुटुंबांना दोन्ही ठिकाणी भेटण्याकडे आहे. कारणं सोबतच्या एका पानात दिली आहेत.
>
> आपण ऑगस्टमध्ये सांगितल्याप्रमाणे उत्पन्नाचा प्रश्न बदलून उचलीचा केला आहे. नमुना निवडीचा भाग लिहिला आहे, पण तिसऱ्या तालुक्याचा मजकूर या निर्णयानंतरच पूर्ण होईल. जानेवारीत संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची आहे, म्हणून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात हे ठरलं तर प्रवास उरकता येईल.
>
> यातली कोणतीही वेळ सोयीची नसेल तर फोनवर १५ मिनिटं बोललं तरी चालेल.
>
> आपली विद्यार्थिनी,
> (पूर्ण नाव)
> पीएचडी, नोंदणी वर्ष २०२३
> मोबाइल: (क्रमांक)

हा ईमेल मिनिटभरात वाचून होतो. मागणी नमस्कारानंतर लगेचच आली आहे. वेळा वेगळ्या ओळींवर आहेत, म्हणून उत्तरात नुसतं "क्र. २" लिहिलं तरी पुरतं. घाईचं कारण खरं आहे: नियमांप्रमाणे दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते, ती तारीख गाईडच्याही डोक्यावर असते. आणि नोंदणीचं वर्ष लिहिल्यामुळे हातात किती काळ उरलाय हे त्यांना शोधावं लागत नाही.

आदर कुठे गेला असं वाटत असेल तर पुन्हा वाचा. "आदरणीय", "सादर नमस्कार", "आपण सांगितल्याप्रमाणे" हे सगळं आहे. त्याहून मोठा आदर म्हणजे त्यांनी सांगितलेलं लक्षात ठेवून केलेलं काम, आणि तो या ईमेलमध्ये आहे.

### काम खरंच झालं नसेल तर

असे विद्यार्थी सगळ्यात जास्त घाबरतात आणि ईमेलच करत नाहीत. एक महिना गेला की दुसरा जातो, आणि मग समितीची तारीख आल्यावर धावाधाव. मला विचाराल तर हीच वेळ लिहिण्याची आहे. फक्त भेटीचा प्रश्न बदलतो: "झालेलं काम दाखवणं" ऐवजी "उरलेलं काम कोणत्या क्रमाने करायचं ते ठरवणं". असं लिहा:

> ऑगस्टनंतर घरच्या अडचणीमुळे मुलाखतींचं काम थांबलं होतं. १८० वरून पुढे गेलेलं नाही. १ डिसेंबरपासून शनिवार-रविवार या कामाला देणार आहे. जानेवारीच्या समितीसमोर काय मांडता येईल आणि आधी काय पूर्ण करावं, हे ठरवण्यासाठी २० मिनिटं हवी आहेत.

अडचण एका वाक्यात सांगा, लांबवू नका. आजारपण गंभीर असेल, मुदतवाढ किंवा रजा लागणार असेल, तर ते भेटीत समोर बसून सांगा, त्याला ईमेल ही जागा नाही.

## टप्पा ७: पाठवण्याआधी आणि पाठवताना

ईमेल लिहून झाल्यावर तासभर बाजूला ठेवा. मग फोनवर वाचा, कारण गाईड बहुधा फोनवरच वाचणार. वार आणि तारीख जुळतात का ते कॅलेंडर समोर धरून बघा. "गुरुवार, ५ डिसेंबर" असं लिहिलं की उत्तरात "नक्की गुरुवार की ५?" असा प्रश्न येतो आणि दोन दिवस जातात. फाइल खरंच जोडली आहे का? पत्ता गाईडचा सध्याचाच आहे का, की जुन्या कॉलेजचा?

विभागप्रमुखांना किंवा सहगाईडना प्रत पाठवू नका. सहगाईडनीही भेटीला बसायचं असेल तरच प्रत पाठवा, आणि तसं मजकुरात लिहा. विनाकारण प्रत गेली की ती तक्रारीसारखी वाचली जाते.

रात्री साडेअकराला लिहून झाला तर तेव्हाच पाठवू नका. जीमेलमध्ये `Send` च्या शेजारच्या बाणावर `Schedule send` मिळतं, तिथे सकाळी ९ ची वेळ लावा. रात्रीचा ईमेल सकाळपर्यंत इतरांच्या खाली जातो. शनिवारी दुपारी पाठवलेल्याचंही तेच होतं.

सावधान: ईमेल पाठवून लगेच व्हॉट्सॲपवर "मॅडम, मेल केला आहे, बघा" असा मेसेज टाकू नका. गाईडनी स्वतः तशी सवय लावली असेल तर गोष्ट वेगळी.

## टप्पा ८: उत्तर आलं नाही तर

चार दिवस थांबा. सोमवारी सकाळी पाठवला असेल तर शुक्रवारी सकाळी, त्याच साखळीत, फक्त इतकंच:

> आदरणीय मॅडम, सादर नमस्कार. सोमवारच्या ईमेलबाबत आठवण म्हणून लिहिते आहे. २, ४ किंवा ५ डिसेंबर यांपैकी एखादी वेळ सोयीची आहे का? वेगळा दिवस सांगितलात तर त्याप्रमाणे येईन.

"आपण उत्तर दिलं नाही" असं लिहू नका, पहिला मजकूर पुन्हा चिकटवू नका. तो खाली आहेच. यानंतरही दोन दिवसांत काही आलं नाही तर विभागात फोन करा किंवा त्यांच्या तासानंतर दोन मिनिटं दारात भेटा: "मॅडम, ईमेल केला होता, वेळ कळली तर बरं होईल." तिथे उभ्याउभ्या थिसिस काढू नका. पुष्कळदा त्या तिथल्या तिथे डायरी उघडून वेळ सांगतात.

पहिली वेळ उलटून गेली तरी उत्तर नसेल तर नवे तीन पर्याय द्या. गेलेल्या तारखा तशाच ठेवून तिसरी आठवण पाठवणं निरुपयोगी.

## टप्पा ९: वेळ मिळाल्यावर

"क्र. २ चालेल" असं उत्तर आलं की त्याच दिवशी एक ओळ: "धन्यवाद मॅडम. गुरुवार, ४ डिसेंबर, दुपारी ३ वाजता विभागात येते." दिवस, वेळ आणि जागा पुन्हा लिहिल्याने गैरसमज तिथेच सापडतो. "दुपारी ३ नंतर" चं "३ वाजता" तुम्ही नक्की केलंत हेही त्यांना दिसतं. आदल्या दिवशी सकाळी एका ओळीची आठवण द्या आणि एक पानाचा कागद पुन्हा जोडा, म्हणजे त्यांना खाली शोधत जावं लागणार नाही.

भेट ऐनवेळी रद्द झाली तर, आणि ती कधीतरी होतेच, "काही हरकत नाही मॅडम" एवढ्यावर थांबू नका. त्याच उत्तरात पुढचे दोन पर्याय द्या. नाहीतर सगळं पुन्हा पहिल्या टप्प्यावर येतं.

भेटीला छापील पान घेऊन जा, दोन प्रती. २५ मिनिटं झाली की स्वतः सांगा, "मॅडम, वेळ झाली." त्यांनीच पुढे चालू ठेवलं तर बसा.

आणि त्याच संध्याकाळी, त्याच साखळीत शेवटचा ईमेल पाठवा:

> आदरणीय मॅडम, आज ठरल्याप्रमाणे:
> १. १५ कुटुंबांच्या मुलाखती कोप्यांवर, २० डिसेंबरपर्यंत. मुकादम समोर नसताना घ्यायच्या.
> २. उरलेली ४५ कुटुंबं गावी परतल्यावर.
> ३. हा बदल प्रकरण ३ मध्ये कारणासह नोंदवायचा. मसुदा ५ जानेवारीपर्यंत देते.
> काही चुकलं असेल तर कृपया सांगावं.

जानेवारीत समितीतल्या एखाद्या सदस्याने विचारलं की मुलाखती दोन ठिकाणी का घेतल्या, तर हाच ईमेल उघडायचा. आणि पुढच्या वेळी भेट मागताना टप्पा २ साठी जुनी वही शोधावी लागणार नाही.